वापरलेला मोबाइल घेताना: ब्लॉक झालेला आयएमईआय कसा ओळखावा आणि व्यवहारापूर्वी काय तपासावे

सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि तिच्या गर्दीत दरवर्षी अनेकांचे मोबाइल हरवतात. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एका विशिष्ट तक्रारीचे फोन येऊ लागतात. फोन सुरू होतो, पडदा स्वच्छ असतो, कॅमेरा चालतो, घरच्या वाय-फायवर व्हिडिओही दिसतात, पण कोणतेही सिम घातले तरी नेटवर्क येत नाही. आणणारा सांगतो की फोन सेकंडहँड घेतला आहे, चार-सहा दिवस उत्तम चालला आणि एका सकाळी अचानक बंद पडला. अशा फोनमध्ये बहुतेक वेळा काहीही बिघडलेले नसते. त्याच्या मूळ मालकाने त्याचा आयएमईआय क्रमांक सरकारी नोंदणीत ब्लॉक केलेला असतो, आणि या दोषावर माझ्याच काय, कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे कायदेशीर उपाय नसतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी काय पाहावे, आणि त्या तपासणीची मर्यादा कोठे आहे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

ब्लॉक म्हणजे नेमके काय होते

प्रत्येक मोबाइलला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. त्यातले पहिले आठ अंक फोनचा ब्रँड व मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाचा क्रमांक असतात आणि शेवटचा अंक आधीच्या चौदा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, जेणेकरून लिहिताना झालेली चूक पकडता यावी. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. सिम बदलले, फोन रिसेट केला, त्यातील सर्व माहिती पुसली, तरी हा क्रमांक तसाच राहतो.

हरवलेल्या आणि चोरीच्या फोनची केंद्रीय नोंदणी दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या यंत्रणेत होते. तिची प्रायोगिक सुरुवात 2019 साली मुंबईतून झाली आणि मे 2023 मध्ये ती संचार साथी पोर्टलच्या रूपाने देशभर खुली झाली. मूळ मालकाने तेथे अर्ज केला की साधारण चोवीस तासांत तो क्रमांक सर्व मोबाइल कंपन्यांच्या काळ्या यादीत जातो. त्यानंतर फोन कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कला जोडून घ्यायला गेला की नेटवर्क त्याचा आयएमईआय विचारते, यादीशी ताडून पाहते आणि त्याला नकार देते. अडवला जातो तो फोन, सिम नव्हे, त्यामुळे तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये व्यवस्थित चालते. वाय-फायचा या यादीशी काहीच संबंध नसतो, म्हणून वाय-फाय चालूच राहते.

ही शेवटची गोष्ट खरेदी करणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी. विकणारा स्वतःच्या दुसऱ्या मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करून तुम्हाला या फोनवर व्हिडिओ चालवून दाखवील, एखादा व्हॉट्सअॅप कॉलही लावून देईल, आणि यातले काहीही आयएमईआय ब्लॉक नसल्याचा पुरावा नाही.

बिघाड आणि ब्लॉक यांतला फरक

फोन आधीच घेऊन झाला असेल आणि नेटवर्क येत नसेल, तर घाईने ब्लॉकचा निष्कर्ष काढू नये, कारण अशीच लक्षणे सिमच्या आणि बोर्डाच्या दोषातही दिसतात. प्रथम ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे. तेथे ते चालत असेल तर आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कची निवड आपोआपऐवजी स्वतः करण्याची सोय उघडावी आणि फोनला कंपन्या शोधू द्याव्यात. फोनला एकही कंपनी दिसत नसेल तर दोष बहुधा अँटेनात किंवा नेटवर्कच्या भागात असतो. सर्व कंपन्यांची नावे दिसतात, पण आपल्या सिमची कंपनी निवडली की नोंदणी नाकारली जाते, असे झाले तर संशय आयएमईआयवर जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर अशा वेळी पडद्यावर पुढील ओळ दिसते.

```
Phone not allowed MM#6
```

याच जातीचा `SIM not provisioned MM#2` हा संदेश आला तर दोष सिमच्या नोंदणीत असतो आणि तो मोबाइल कंपनीच्या दुकानात सुटतो, त्यामुळे शेवटचा आकडा नीट वाचावा. अनेक फोन यातले काहीच न सांगता केवळ `Emergency calls only` एवढेच दाखवतात, म्हणून संदेश दिसला नाही यावरून निश्चिंत होऊ नये. `*#06#` दाबल्यावर क्रमांकाच्या जागी शून्ये दिसली किंवा जागा रिकामी राहिली, तर फोनच्या सॉफ्टवेअरशी कोणीतरी छेडछाड केलेली असू शकते, म्हणून तो फोन घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी

विकणारा क्रमांक व्हॉट्सअॅपवर पाठवतो, किंवा खोक्यावरचे स्टिकर दाखवतो. त्यावर विसंबू नये. खोके दुसऱ्या फोनचे असू शकते आणि पाठवलेला क्रमांक कोणाचाही असू शकतो. फोन हातात घ्यावा, कॉल लावण्याच्या पाटीवर `*#06#` दाबावे आणि पडद्यावर आलेले दोन्ही आयएमईआय आपल्या मोबाइलने फोटो काढून घ्यावेत. आयफोनवर हेच क्रमांक सेटिंगमधील General आणि त्यातील About या पानावरही मिळतात. नंतर ते खोक्याशी आणि बिलाशी अंकागणिक जुळवावेत. जुळवताना शेवटचे सहा-सात अंक मोठ्याने वाचावेत, कारण एकाच मॉडेलच्या सर्व फोनचे सुरुवातीचे अंक सारखे असू शकतात आणि नजर तेथेच फसते.

क्रमांक जुळत नसण्याचे एक प्रामाणिक कारणही असते. अधिकृत सेवा केंद्राने मदरबोर्ड बदलला असेल तर आयएमईआय बदलतो, पण त्या वेळी मिळालेल्या जॉबशीटवर नवा क्रमांक लिहिलेला असतो. ती जॉबशीट मागावी. ती नसेल, तर मी स्वतः असा फोन घेत नाही आणि कोणाला घ्या असे सांगतही नाही.

यानंतरची पायरी सरकारी नोंद पाहण्याची आहे. आपल्या मोबाइलवरून 14422 या क्रमांकावर KYM ही तीन अक्षरे, एक मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस पाठवावा. पुढचा क्रमांक केवळ नमुन्याचा आहे.

```
KYM 490154203237518
```

हीच माहिती `sancharsaathi.gov.in` या संकेतस्थळावर आणि संचार साथीच्या अॅपवर मिळते. संकेतस्थळावर आपला मोबाइल क्रमांक व त्यावर आलेला ओटीपी टाकावा लागतो. दोन क्रमांकांसाठी ही तपासणी दोनदा करावी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पहिला क्रमांक तपासून समाधान मानणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मूळ मालकाने अर्ज करताना एकच क्रमांक भरला असेल, तर फोन एका सिमच्या जागेत चालतो आणि दुसऱ्या जागेत चालत नाही, आणि विकणारा अर्थातच चालणारी जागा दाखवतो.

आलेले उत्तर दोन प्रकारे वाचायचे असते. पहिला भाग स्थितीचा. तेथे `Black-listed`, `Duplicate` किंवा `Already in use` यांपैकी काही दिसले तर फोन घेऊ नये, असे दूरसंचार विभागाचेच सांगणे आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ उघड आहे. दुसरे दोन शब्द आले तर तो क्रमांक आणखी एखाद्या फोनवरही वापरात असण्याची, म्हणजे त्याची नक्कल झालेली असण्याची शक्यता असते. दुसरा भाग ब्रँड आणि मॉडेलच्या नावाचा, आणि त्याकडे फार थोडे लोक पाहतात. स्थिती व्यवस्थित आहे, पण उत्तरात एका कंपनीचे नाव आणि हातातल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे, असे दिसले की चोरीच्या फोनवर दुसऱ्याचा क्रमांक चढवलेला आहे हे समजते. असा फोन स्वस्तात मिळाला तरी परत करावा.

तिसरी पायरी आपल्या सिमची. जेथे आपले नेटवर्क नेहमी चांगले असते अशा ठिकाणी भेटावे, उदाहरणार्थ पार्क चौकात किंवा सात रस्त्यावर, आणि दिवसाउजेडी. फोनचे वाय-फाय बंद करावे, आपले सिम पहिल्या जागेत घालून एक कॉल करावा व एक कॉल घ्यावा, मग तेच सिम दुसऱ्या जागेत घालून पुन्हा तसेच करावे. याला दहा मिनिटे लागतात. विकणाऱ्याला तेवढीही घाई असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. याच वेळी त्याला त्याचे गुगल किंवा अॅपलचे खाते आपल्यासमोर काढायला लावावे आणि फोन रिसेट करून पुन्हा सुरू करून पाहावा. खात्याचे कुलूप आणि आयएमईआयचा ब्लॉक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण जुन्या मालकाचा पासवर्ड विकणाऱ्याला सांगता येत नाही, हे फोन त्याचा नसल्याचे मोठे लक्षण आहे.

तपासणी स्वच्छ आली तरी धोका का उरतो

येथे मला सर्वांत अधिक थांबावेसे वाटते, कारण एसएमएसचे उत्तर स्वच्छ आले म्हणजे फोन स्वच्छ आहे, असा समज पसरलेला आहे. ते उत्तर फक्त त्या क्षणाचे असते.

फोन हरवल्यापासून तो ब्लॉक होईपर्यंत काय काय व्हावे लागते ते पाहा. मालकाला पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी लागते. त्याचे सिम फोनबरोबरच गेलेले असते, म्हणून त्याच क्रमांकाचे नवे सिम काढावे लागते, कारण अर्जाचा ओटीपी मोबाइलवर येतो. नव्याने दिलेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस सुरू होत नाहीत. मग तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि जमल्यास फोनचे बिल जोडून अर्ज भरायचा, आणि त्यानंतर चोवीस तासांच्या आत ब्लॉक लागतो. म्हणजे अत्यंत तत्पर माणसालाही दोन-तीन दिवस लागू शकतात, आणि खेड्यातल्या माणसाला आठवडा सहज जातो. या मधल्या काळात चोरीचा फोन प्रत्येक तपासणीत स्वच्छ दिसतो आणि चोराला तो विकण्याची घाई असते ती याच काळात.

या वर्षी अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याने 17 जानेवारीला ओळखीच्या ओळखीतून 8,500 रुपयांना फोन घेतला होता. तेच मॉडेल त्याच अवस्थेत बाजारात बारा हजारांच्या आसपास जात होते. विकणाऱ्याने खोके व बिल गावाकडे राहिले आहे, पुढच्या रविवारी आणून देतो, असे सांगितले होते. 21 तारखेच्या सकाळी नेटवर्क गेले. त्याने तीन सिम बदलली, फोन दोनदा रिसेट केला आणि एका ठिकाणी नेटवर्कचा भाग गेला आहे असे ऐकून दीड हजार रुपये खर्च करण्याची तयारीही केली. माझ्याकडे कंपन्यांची यादी उघडून पाहिली तेव्हा सर्व नावे दिसत होती आणि निवड केली की नकार येत होता. दोन्ही आयएमईआय 14422 वर पाठवले आणि दोन्ही उत्तरे `Black-listed` आली. नंतर पोलिसांकडून कळले की मालकाचा फोन 15 तारखेला यात्रेत गेला होता, तक्रार आणि नवे सिम 16 तारखेला झाले आणि अर्ज 20 तारखेला भरला गेला.

या तारखा मांडल्या की दिसते की या तरुणाने 17 तारखेला सर्व तपासण्या केल्या असत्या तरी उत्तर स्वच्छच आले असते. त्याला वाचवू शकली असती ती एकच गोष्ट, ती म्हणजे बिल नसल्याबरोबर मागे फिरणे. म्हणून मी लोकांना सांगतो की एसएमएसची तपासणी जुन्या चोऱ्या पकडते आणि ताज्या चोऱ्यांसाठी कागदच हवा. बिल हवे, त्यावर हाच आयएमईआय हवा, आणि बिलावरचे नाव विकणाऱ्याचे नसेल तर त्याने तो फोन कोणाकडून घेतला त्याची पावती हवी. बिल हरवल्याचे कोणी सांगितले, तर मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या फोनचे बिल त्याच्या खात्यातून किंवा ईमेलमधून पुन्हा काढता येते, तेव्हा ते समोरच काढायला सांगावे.

याशिवाय विक्रीची साधी पावती लिहून घ्यावी. तिच्यात दिनांक आणि वेळ, फोनचे मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, विकणाऱ्याचे नाव, पत्ता व सही असावी, आणि हा फोन पुढे चोरीचा किंवा ब्लॉक असल्याचे आढळल्यास मी पूर्ण रक्कम परत करीन, हे एक वाक्य असावे. ओळखपत्राची प्रत जोडावी. पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत आणि खात्यावरचे नाव ओळखपत्राशी जुळते का हे पाहावे. नवी पेठेत दुकानातून घेत असाल तरी आयएमईआय लिहिलेली दुकानाची पावती मागावीच. वापरलेल्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी व्यवहारापूर्वी आयएमईआय सरकारी यादीशी ताडून पाहावा, अशी तरतूद ऑक्टोबर 2025 मध्ये दुरुस्त झालेल्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत आहे, त्यामुळे ही मागणी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. आपणही आठवडाभराने दोन्ही क्रमांक पुन्हा तपासावेत. त्याने ब्लॉक टळत नाही, पण विकणारा संपर्कात असतानाच गोष्ट उघड होते.

ब्लॉक फोन हातात पडलाच तर

ब्लॉक काढण्याचा अधिकार ज्याने तो लावला त्यालाच असतो. अर्जाच्या वेळी मिळालेला विनंती क्रमांक त्याच्याकडे असतो आणि त्याच आधारे तो फोन सापडल्याचे कळवून ब्लॉक काढतो. आर्थिक फसवणुकीत वापरल्याच्या कारणाने दूरसंचार विभागानेच बंद केलेले फोनही असतात, आणि त्यांचा ब्लॉकही खरेदीदाराला काढता येत नाही.

अशा वेळी हजार-पाचशे रुपयांत आयएमईआय बदलून देतो म्हणणारे लोक भेटतात. त्या तरुणालाही एकाने आठशे रुपये सांगितले होते. हे अजिबात करू नये. दूरसंचार अधिनियम 2023 प्रमाणे या क्रमांकाशी छेडछाड करणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. छेडछाड झालेली आहे हे माहीत असून तसा फोन जवळ बाळगणेही त्याच कायद्यात येते. आतापर्यंत तुम्ही फसवले गेलेले ग्राहक असता, आणि क्रमांक बदलल्याबरोबर स्वतः आरोपी होता. फोन पुढे दुसऱ्याला विकणेही तसेच आहे, कारण चोरीची वस्तू आहे हे कळल्यावर ती ठेवणे किंवा खपवणे यावर भारतीय न्याय संहितेचे कलम 317 लागू होऊ शकते.

ब्लॉक असलेल्या फोनमध्ये सिम घातले की त्या सिमची माहिती पोलिसांपर्यंत जाते. म्हणजे पोलिसांचा फोन आपल्याला आज ना उद्या येणारच असतो. तो येण्याची वाट न पाहता आपण स्वतः जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. बरोबर फोन, पावती, यूपीआयची नोंद, विकणाऱ्याशी झालेले व्हॉट्सअॅप संभाषण आणि 14422 कडून आलेले उत्तर यांच्या प्रती न्याव्यात. संभाषण आणि जाहिरात यांचे पडद्याचे फोटो त्याआधीच काढून ठेवावेत, कारण तक्रारीचा सुगावा लागला की विकणारा ते पुसतो. फोन जमा केल्याची लेखी पोच घ्यावी आणि विकणाऱ्याविरुद्ध फसवणुकीची स्वतंत्र तक्रार द्यावी. फोन मूळ मालकाकडे जातो, पैसे विकणाऱ्याकडूनच वसूल करावे लागतात, आणि नाव-पत्त्याची पावती असेल तर त्याला काही आधार राहतो. त्या तरुणाकडे पावती नव्हती, व्यवहार रोखीचा होता आणि त्याचे 8,500 रुपये अद्याप परत आलेले नाहीत.

फेब्रुवारीत तोच फोन पुन्हा माझ्या टेबलावर आला, या वेळी मूळ मालकाबरोबर. पोलिसांनी फोन परत दिला होता, पण सिम घालूनही नेटवर्क येत नव्हते आणि चोराने आतून काही बिघडवले असावे, असे त्यांना वाटत होते. फोन परत मिळाला तरी नोंदणीतला ब्लॉक आपोआप निघत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्यांच्या जुन्या एसएमएसमधून विनंती क्रमांक शोधला, `ceir.gov.in` वर सापडलेल्या फोनचा ब्लॉक काढण्याचा अर्ज भरला आणि आलेला ओटीपी टाकला. दोन दिवसांनी त्यांनी त्याच फोनवरून मला कॉल केला.